निर्णय त्याचा, होकार आपला

पॅरिसच्या गार द लिआँ स्थानकातून सकाळी ८.१० ला रोमची गाडी सुटते. ४५ वर्षांचे एक गृहस्थ तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरतात. लेओं देलमाँ त्यांचं नाव. एका इटालियन टाइपरायटर कंपनीच्या पॅरिस शाखेचे ते प्रमुख. कामासाठी रोमला जायचं असतं तेव्हा ते पहिल्या वर्गाने जातात, कंपनीच्या खर्चाने. आजचं तिकीट मात्र पदरच्या पैशाने काढलेलं आहे, कारण या फेरीचं खरं कारण ना कंपनीला ठाऊक आहे ना बायको आंरिएतला. ज्या प्रेयसीसाठी, सेसिलसाठी, ही फेरी आहे तिलाही ते येत असल्याचं माहीत नाही. रोमला उतरून तिला सांगायचं आहे की पॅरिसमध्ये तुझ्यासाठी नोकरी पाहून ठेवली आहे, आंरिएतला मी सोडतो आहे, तू चल. दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४५ ला गाडी रोमला पोचते तोवर हा बेत मोडलेला असतो. सेसिलला न भेटताच ते परत फिरणार असतात.

मिशेल ब्यूतोरच्या ‘ला मोदिफिकास्याँ’ (१९५७) या कादंबरीत बाहेरून पाहिलं तर एवढंच घडतं. पण ती सगळी, पहिल्या वाक्यापासून, ‘तुम्ही’ला उद्देशून लिहिलेली आहे. पाऊल दारात टाकता तुम्ही, खांद्याने सरकतं दार ढकलता तुम्ही, खोटं बोलून घरातून निघालेले असता तेही तुम्ही. द्वितीय पुरुषी निवेदनाचे प्रयोग आधीही झाले होते. अमेरिकेत रेक्स स्टाउटची ‘हाउ लाइक अ गॉड’ १९२९ ची आहे. पण एका माणसाचा एक निर्णय बनतो कसा, हे दाखवण्यासाठी या पुरुषाचा इतका विचारपूर्वक वापर ब्यूतोरच्या आधी झालेला मला दिसत नाही, आणि पुढच्या बहुतेक लेखकांची वाट त्याच्याच आसपास फुटते.

या निवेदनाबद्दल एक समजूत फार पसरलेली आहे. लेखक ‘तू’ म्हणतो, म्हणून वाचक स्वतःला नायक समजू लागतो, असं म्हणतात. मला ते पटत नाही. कोणताही जाणता वाचक स्वतःला टाइपरायटर विकणारा फ्रेंच गृहस्थ समजत नाही. वाचकाला नायक व्हावं लागत नाही, त्याला फक्त होकार द्यावा लागतो. ‘तुम्ही दार ढकलता’ हे वाक्य वाचताना आपण मनात ‘बरं’ म्हणतो आणि पुढे जातो. ‘त्याने दार ढकललं’ या वाक्याला असा होकार लागत नाही, ती आपल्याला दिलेली माहिती असते. ‘तुम्ही’ची वाक्यं आपल्याबद्दल दावा करतात, आणि पुढे वाचत राहणं म्हणजे तो दावा तेवढ्यापुरता मान्य करणं. निर्णयाकडे वाचकाला नेण्याची या निवेदनाची सगळी ताकद या छोट्या छोट्या मान्यतांच्या साखळीत आहे.

ब्यूतोर ही साखळी कोणत्या क्रमाने ओवतो ते पाहण्यासारखं आहे. सुरुवात शरीरापासून होते. पाय, खांदा, हातातली बॅग, झोप अपुरी झाल्याने जड झालेल्या पापण्या. यात हरकत घेण्यासारखं काही नाही, कारण गाडीत चढताना प्रत्येकाचं शरीर असंच वागतं. मग डबा येतो. समोरचे प्रवासी, वरच्या फळीवरचं सामान, जमिनीतली गरम हवेची लोखंडी जाळी, खिडकीबाहेरची स्थानकं. ही जाळी कादंबरीभर पुन्हा पुन्हा पायाखाली येते. अनोळखी सहप्रवाशांना देलमाँ मनातल्या मनात नावं देतात, एका नवविवाहित जोडप्याला आन्येस आणि पिएर. असं काहीतरी आपणही लांबच्या प्रवासात करतोच. इथवर आपण पुरते आत बसलेले असतो. मग कुठे घरातली सकाळ आठवते, आंरिएतशी झालेलं कोरडं बोलणं आठवतं, तिला सांगितलेलं खोटं कारण आठवतं. खांदा आपला मानला, पापण्या आपल्या मानल्या, आता हे खोटं आपलं नाही म्हणायला उशीर झालेला असतो. कादंबरीची सुरुवातच ‘तुम्ही बायकोला फसवून निघाला आहात’ या वाक्याने केली असती, तर पहिल्याच पानावर अर्ध्या वाचकांनी नकार दिला असता.

या क्रमाला एका प्रयोगातून काहीसा आधार मिळतो. टॅड ब्रुन्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मानसशास्त्रातल्या एका नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. वाचकांना टोमॅटो कापण्यासारख्या साध्या कृतींची छोटी वाक्यं दिली आणि मग चित्रं दाखवली. काही चित्रांत ती कृती करणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसत होती, काहींत समोरून पाहणाऱ्याच्या. ‘तू’ची वाक्यं वाचल्यावर लोकांना कर्त्याच्या नजरेचं चित्र लवकर जुळवता येत होतं, ‘तो’ची वाचल्यावर बघ्याच्या नजरेचं. ‘मी’च्या वाक्यांची गोष्ट वेगळी निघाली. बोलणारा ‘मी’ कोण, याची थोडी माहिती आधी दिली की वाचक बाहेर सरकून त्याच्याकडे पाहू लागत. म्हणजे ‘मी’ सांगणारा जितका ओळखीचा होत जातो तितका तो आपल्यापासून सुटा होतो. पण हे टोमॅटो कापण्यापुरतं. लग्न मोडण्याच्या निर्णयाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पहिल्या पानावरच्या पाय नि खांद्याला मात्र तो नक्की लागू पडतो, आणि पुढचं सगळं त्या पानावरच उभं आहे.

स्वतः ब्यूतोरने १९६१ च्या आपल्या एका निबंधात कादंबरीतल्या सर्वनामांचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं असं की ज्याला स्वतःची गोष्ट सांगता येत नाही, किंवा सांगायची नाही, त्याला ती दुसऱ्या कोणीतरी सांगावी लागते, आणि तिथे द्वितीय पुरुष येतो. चौकशी करणारा पोलीस अधिकारी किंवा न्यायाधीश साक्षीदाराला असंच सांगतो: तुम्ही इतक्या वाजता निघालात, तुम्ही अमक्याला भेटलात, तुम्हाला हे ठाऊक होतं. ही उपमा माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. ‘तुम्ही’ हे प्रेमळ निमंत्रण नाही. त्यात आरोपाची धार असते. देलमाँनी ठरवलेलं आहे, पण का ठरवलं ते त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. निवेदन ते त्यांच्याकडून एकेक तुकड्याने वदवून घेतं, आणि चौकशीच्या खुर्चीवर त्यांच्या शेजारी आपल्यालाही बसवतं.

मग निर्णय उलटतो तो कसा? गाडीत काहीच घडत नाही. कोणी तार पाठवत नाही, कोणी ओळखीचं भेटत नाही. घडतात त्या आठवणी. त्याच मार्गावरचे जुने प्रवास एकेका स्थानकासरशी वर येतात. सेसिलची आणि त्यांची भेट याच गाडीच्या मार्गावर झालेली. सेसिल रोममधल्या फ्रेंच दूतावासात नोकरीला आहे, आणि रोमचे रस्ते, चर्च, भग्नावशेष तिच्याबरोबर हिंडताना त्यांना पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलेलं. पण त्याच्या कितीतरी आधी लग्नानंतर आंरिएतला घेऊन ते रोमलाच गेले होते. आणि एकदा सेसिल पॅरिसला आली होती तेव्हाची आठवण सगळ्यांत अवघड. तिथे ती कोमेजली होती. त्यातून आंरिएत आणि ती एकमेकींशी चक्क सलोख्याने वागल्या होत्या. रात्र होते, बाकावर अंग अवघडतं, तुटक झोपेत स्वप्नं पडतात, त्यांत कोणीतरी तुम्ही कोण, कुठे चाललात असं दरडावून विचारतं. हळूहळू ध्यानात येतं की प्रेम सेसिलवर होतं तितकंच रोमवर होतं. तिला पॅरिसला आणलं की ती दुसरी आंरिएत होणार.

इथे वाचक कुठे असतो ते बघा. पहिल्या भागात मोडत्या संसारातून सुटण्याच्या बेताला तो होकार देत आलेला असतो. पुढे त्याच माणसाच्या माघारीलाही त्याचा होकार घेतला जातो. दोन्ही वेळी कारणं देलमाँची असतात, पण ती आपल्याच डोक्यात उमटल्यासारखी वाटतात, कारण मधल्या रिकाम्या जागा आपणच भरलेल्या असतात. ‘त्याला कळून चुकलं’ असं लेखकाने लिहिलं असतं तर आपण देलमाँचा निवाडा केला असता, बुळा माणूस म्हटलं असतं. ‘तुम्ही’मुळे निवाडा करायला लागणारं अंतरच उरत नाही. शेवटाकडे त्या ‘तुम्ही’च्या आवाजात ‘मी’ डोकावू लागतो आणि एक पुस्तक लिहिण्याचा विचार पुढे येतो. चौकशी संपत आलेली असते, साक्षीदार आता स्वतः बोलू लागतो. स्थानकावर विकत घेतलेली एक कादंबरी देलमाँच्या जवळ प्रवासभर असते. ती त्यांनी वाचलेली नसते. उठताना जागा राखायला बाकावर ठेवायची एवढाच तिचा उपयोग.

पाचच वर्षांनी मेक्सिकोच्या कार्लोस फुएन्तेसने ‘आउरा’ (१९६२) ही छोटी कादंबरी लिहिली. तिथे सलगीचा ‘तू’ आहे, आणि वर्तमानकाळाच्या बरोबरीने भविष्यकाळ. तरुण इतिहासकार फेलिपे मोन्तेरो वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचतो. फ्रेंच जाणणारा, कष्टाळू, तरुण इतिहासकार हवा आहे. फक्त त्याचं नाव तेवढं छापायचं राहिलेलं. खासगी शाळांत शिकवून त्याला महिन्याला ९०० पेसो मिळतात, इथे ३००० देऊ केले आहेत. तरीही तो उठून जातो, कोणीतरी ती नोकरी आधीच मिळवली असेल असं मनाशी म्हणत. दुसऱ्या दिवशी जाहिरात पुन्हा असते, आणि आता रक्कम ४००० असते. मग तो दोन्सेलेस रस्त्यावरच्या ८१५ क्रमांकाच्या घराशी जातो. अंधाऱ्या घरातली वृद्ध कोन्सुएलो अट घालते की इथेच राहावं लागेल. तो घुटमळतो. तेवढ्यात तिची भाची आउरा येते, तिचे हिरवे डोळे तो पाहतो आणि राहायला तयार होतो.

ब्यूतोरच्या ‘तुम्ही’ने भूतकाळ उकरला, फुएन्तेसचा ‘तू’ पुढचं सांगतो. तू जाशील, तू दार लोटशील, तू तिच्या मागोमाग जिना चढशील. भविष्यकाळातल्या अशा वाक्यात निवड उरलेली नसते, तरी ते वाक्य खरं करायला पात्राला पाऊल उचलावंच लागतं. वाचकाचंही तसंच. पुढचं आधीच ठरलेलं आहे हे वाक्यागणिक कळत असतानाही पान उलटण्याचा निर्णय तोच घेत असतो. एका निर्णयाचे दोन भाग इथे सुटे होऊन दिसतात. ठरवणं कुणा दुसऱ्याच्या हातात, करणं आपल्या. कोन्सुएलोची पकड फेलिपेवर जशी बसते तशीच निवेदनाची वाचकावर, आणि म्हणून या कादंबरीत द्वितीय पुरुष कथेपासून वेगळा काढताच येत नाही.

उलट दिशेचं उदाहरण जे मॅकइनर्नीच्या ‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’चं (१९८४). न्यूयॉर्कमधल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात लेखांमधली तथ्यं पडताळण्याचं काम करणारा निनावी तरुण. रात्री क्लबांत, कोकेनमध्ये जातात. बायको सोडून गेलेली आहे. नोकरीच्या अर्जात त्याने फ्रेंच येतं असं खोटं लिहिलेलं असतं, आणि नेमका फ्रान्समधल्या निवडणुकांवरचा लेख पडताळणीला त्याच्याकडे येतो. रात्र संपत येते, काम झालेलं नसतं, आणि तो लेख तसाच पुढे जाऊ देतो. हा निर्णय वाचताना आपण कळवळतो. ‘तू’ म्हटल्यामुळे टाळाटाळीची प्रत्येक पायरी आपण त्याच्याबरोबर उतरलेले असतो, आणि त्या पायऱ्या ओळखीच्या असतात: आत्ता थोडा वेळ बाहेर, मग बसू.

पण या कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे. त्याची आई वर्षभरापूर्वी वारली, हे आपल्याला जवळजवळ शेवटी कळतं. पानोपानी ‘तू’ म्हणत असूनही ‘तुझ्या’ आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तुला सांगितलेली नव्हती. हा वाचकाचा विश्वासघात आहे का? मला तसं वाटत नाही. स्वतःशी ‘तू’ म्हणून बोलणारा माणूस स्वतःपासून काहीतरी लपवत असतो, म्हणूनच तर तो ‘मी’ म्हणत नाही. आईचा मृत्यू कळल्यावर मागच्या सगळ्या रात्रींची कारणं बदलतात, आणि आपण ज्याला बेजबाबदारपणा समजून साथ दिली तो शोक होता हे उमगतं. एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये (२०१५) हाच धागा अधिक टोकाला जातो. मुलगा मारला गेलेल्या एसुनची प्रकरणं ‘तू’मध्ये आहेत, बाकी दोन स्त्रियांची तृतीय पुरुषात. तिघी एकच आहेत हे पुढे कळतं. म्हणजे आघातानंतरचीच ती तेवढी ‘तू’ झालेली आहे, आणि तिला ‘तू’ म्हणणारा कुणीतरी कथेतच उभा आहे.

निर्णयाच्या बाबतीत आणखी एक प्रकार उल्लेखायला हवा. मोहसिन हमीदच्या ‘हाउ टू गेट फिल्दी रिच इन रायझिंग एशिया’चा (२०१३) साचा यशाचा मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांचा आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक आज्ञा असते: शहरात जा, शिक्षण घे, प्रेमात पडू नकोस. उपदेशाचा ‘तू’ आपल्याला नवा नाही, ‘मनाचे श्लोक’ पाठ केलेल्या माणसाला तर मुळीच नाही. पण रामदासांच्या मनाला कथा नसते, त्याने ऐकलं की नाही ते आपण पाहत नाही. हमीद आज्ञेच्या खाली कथा ठेवतो. प्रेमात पडू नकोस म्हटल्याबरोबर पोरगा प्रेमात पडतो, आणि ते प्रेम आयुष्यभर टिकतं. आज्ञा एक, कृती दुसरी, आणि वाचकाचं मन कृतीच्या बाजूला झुकतं. समीक्षक ब्रायन रिचर्डसन या आदेशवजा प्रकाराला पात्राच्या ‘तू’पासून आणि थेट वाचकालाच हाक मारणाऱ्या ‘तू’पासून वेगळा मानतात, ते योग्यच आहे. इतालो काल्विनोने १९७९ च्या कादंबरीत हा तिसरा प्रकार वापरून त्याची मर्यादाही दाखवली. त्याचा ‘तू’ आधी पुस्तक हातात धरलेला कोणीही वाचक असतो. मग तो एका तरुणीच्या मागे लागलेला पुरुष होतो, आणि बऱ्याच वाचकांना तिथे बाजूला व्हावं लागतं.

हा प्रयोग फसतो तो बहुधा अशाच ठिकाणी. मोठा, विचित्र किंवा क्रूर निर्णय वाटचाल न दाखवता ‘तू’च्या माथी मारला की वाचक उठून उभा राहतो: मी असं करणार नाही. तो बाहेर पडला की पुढचा प्रत्येक ‘तू’ खटकतो. निर्णय वाचकाच्याच हाती देणं हा यावरचा उपाय नाही. एडवर्ड पॅकर्डच्या ‘द केव्ह ऑफ टाइम’सारख्या (१९७९) मुलांच्या पुस्तकांत तसं केलेलं असतं, गुहेत शिरायचं तर अमुक पानावर, परत जायचं तर तमुक पानावर. तिथला ‘तू’ जवळजवळ रिकामा ठेवावा लागतो, बायको नाही, भूतकाळ नाही. आणि पान चुकलं तर बोट ठेवून मागे येता येतं. देलमाँना मागे येता येत नाही, आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही नाही. जबाबदारीची जाणीव तिथून येते.

फसलेलं ओळखायची एक साधी रीत आहे. एखादा परिच्छेद घ्यावा आणि सर्वनाम बदलून वाचावा. समजा मी लिहिलं: ‘तुम्ही पाकीट उघडत नाही. टेबलावर पालथं ठेवता आणि चहा टाकता.’ आता हेच: ‘तो पाकीट उघडत नाही. टेबलावर पालथं ठेवतो आणि चहा टाकतो.’ दुसऱ्यात आपण विचारतो, याला कशाची भीती वाटते? पहिल्यात तो प्रश्न विचारण्याआधीच न उघडणं आपल्याकडून होऊन गेलेलं असतं. असा फरक पडत नसेल, तर लेखकाने ‘तुम्ही’ फक्त वेगळेपणासाठी घेतला आहे असं समजायला हरकत नाही.

मराठीत हे लिहू पाहणाऱ्याच्या वाटेत व्याकरण उभं राहतं, आणि मदतीलाही तेच येतं. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना, सगळ्यांबद्दल बोलताना आणि समोरच्याशी बोलताना एकच सर्वनाम चालतं, मॅकइनर्नीची सगळी निसरडी जागा त्यावर उभी आहे. मराठी माणूस स्वतःचा अनुभव सर्वांचा करून सांगतो तो ‘आपण’ वापरून: आपण फलाटावर उभे असतो, गाडी येते, आणि आपल्याला कळतं की चढायचंच नाहीये. त्यात आरोप नसतो, सोबत असते. ‘तू’ घेतला की वर्तमानकाळातलं पहिलंच क्रियापद वाचकाचं लिंग ठरवून टाकतं, जातोस की जातेस. काल्विनोने पुढे जाऊन जे केलं ते इथे पहिल्याच ओळीत होतं, आणि अर्धे वाचक होकार देण्याआधीच बाहेर राहतात. ‘तुम्ही’ला ही अडचण नाही. तुम्ही जाता, तुम्ही गेलात, यात बाई की पुरुष ते उघड होत नाही. ब्यूतोरचा चौकशीतला अदबशीर ‘तुम्ही’ म्हणून मराठीत सहज बसतो. आणि सलगीच हवी असेल तर फुएन्तेसचा भविष्यकाळ आहेच. तू जाशील, तू उघडशील, तू थांबशील. ही रूपं बाईला आणि पुरुषाला सारखीच लागू आहेत. या काळात सबंध कादंबरी पेलायची तर ते कठीण काम आहे, सततचं भाकीत लवकर थकवतं. फुएन्तेसनेही त्यात वर्तमानकाळ मिसळला आणि पुस्तक तासा-दोन तासांत वाचून होईल एवढंच ठेवलं.